दमणच्या रस्त्यावर परवानगी कोणी मागितली? : आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील विधी महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे सर्व सहकारी

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होते. ‘आंतरराष्ट्रीय रूढी कशी तयार होते?’ हा नेहमीचा प्रश्न होता आणि उत्तरही नेहमीचेच आले: राष्ट्रे एखादी गोष्ट खूप वर्षे करत राहिली की तिची रूढी होते आणि रूढीचा कायदा होतो. बऱ्याच मुलांनी खाली ‘ओपिनिओ ज्युरिस’ हे दोन शब्द लिहून त्यांखाली रेघही ओढली होती. पण त्या शब्दांचा वरच्या वाक्याशी काय संबंध, ते एकानेही लिहिले नव्हते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण मी स्वतः अनेक वर्षे हे असेच शिकवले: राष्ट्रांचे वर्तन हा एक घटक, बंधनाची जाणीव, म्हणजे ओपिनिओ ज्युरिस, हा दुसरा, दोन्हींची बेरीज म्हणजे रूढी. फळ्यावर ती बेरीज छान दिसते. पण दुसरा घटक ओळखायचा कसा, हे मुलांना त्यातून कळत नाही.

म्हणून एक विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. हा विषय शिकवताना १९६० सालचा दमण–दादरा रस्त्याचा खटला मध्यभागी ठेवा. पाठ्यपुस्तकांत तो ‘स्थानिक रूढी’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलेला असतो. एकाच रस्त्यावरच्या ये-जा करण्यातली एक कायदा कशी झाली आणि दुसरी का झाली नाही, हे त्याच्याइतके स्वच्छ दाखवणारा दुसरा खटला मला माहीत नाही. शिवाय त्याची मुळे पुण्याच्या दरबारात आहेत आणि त्यातले काही कागद मराठीत आहेत.

आधी माझ्या गल्लीतली गोष्ट सांगते, कारण वर्गात मी तिच्यापासूनच सुरुवात करते.

नौपाड्यात आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची. तिच्यामागे दुसऱ्या सोसायटीचे आवार आहे आणि त्या आवारातून गेले की स्टेशनचा रस्ता दोन मिनिटांवर येतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्याकडची माणसे तिथूनच जायची. भाजीची पिशवी घेऊन, मुलांची दप्तरे घेऊन, पहाटे दूधवाला. कोणी कोणाला विचारायचे नाही. पण घरात कपाट किंवा फ्रीज आणायचा असला, टेम्पो आत घ्यायचा असला, की सासरे आदल्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या सेक्रेटरींकडे जायचे आणि म्हणायचे, “काका, उद्या सकाळी टेम्पो येईल, जरा फाटक उघडं ठेवाल का?” काका कधी नाही म्हणाले नाहीत. एकदाच म्हणाले, “उद्या नको, परवा आणा, उद्या आमच्याकडे पूजा आहे.” सासऱ्यांनी परवा आणला.

मग ती सोसायटी पुनर्विकासाला गेली, पत्रे लागले आणि फाटक बंद झाले. आमच्या इमारतीत बैठक झाली. सगळ्यांचे म्हणणे एकच होते: तीस वर्षांची वहिवाट आहे, कसे बंद करतात? त्या बैठकीत मला पहिल्यांदा नीट दिसले की आमच्याकडे एक नव्हे, दोन वहिवाटी होत्या. पायी जाण्याची आणि टेम्पोची. वर्षे दोन्हींची सारखी, वाटही तीच. पण टेम्पोच्या वेळी आम्ही दर वेळी विचारले होते आणि एकदा ‘उद्या नको’ हे ऐकूनही घेतले होते. जो दर वेळी विचारतो, तो विचारूनच सांगतो की हा माझा हक्क नाही. आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांची वहिवाट पुरत नाही. ती हक्क म्हणून केलेली असावी लागते, मेहेरबानीने मिळालेली चालत नाही.

आता दमणकडे वळू.

दमण समुद्रकाठी. तिथून आत दादरा आणि त्याच्याही आत नगर हवेली. हे दोन्ही मुलूख पोर्तुगीजांकडे होते, पण दमण आणि ते यांच्यामधली जमीन पोर्तुगीजांची नव्हती. ती आधी मराठ्यांची, मग इंग्रजांची आणि १९४७ नंतर भारताची. दमणहून सिल्वासाला कारकून पाठवायचा असला तरी पोर्तुगीजांना परक्या हद्दीतून जावे लागे. जुलै १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी आधी दादरा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला नगर हवेली घेतली. सुधीर फडके त्यात होते, हे आपल्याकडे अनेकांना माहीत असते. भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांना दमणहून तिकडे जाऊ दिले नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. आमचा या रस्त्यावर जाण्या-येण्याचा हक्क आहे आणि तो भारताने मोडला, असा त्यांचा दावा होता.

पोर्तुगालचा पहिला आधार होता १७७९ चा पुण्याचा तह. त्या तहाने पेशव्यांनी आम्हाला हा मुलूखच देऊन टाकला, आणि मुलूख दिला म्हणजे तिथे जाण्याची वाटही दिली, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने तहाचे वेगवेगळे मसुदे पाहिले, मग १७८३ आणि १७८५ च्या मराठ्यांच्या दोन सनदा पाहिल्या आणि सांगितले की दिले होते ते वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचे सरंजाम, राज्य नव्हे. पोर्तुगीजांना वसूल मिळत होता, सार्वभौमत्व मिळाले नव्हते. सरंजाम म्हणजे काय, हे हेगच्या न्यायाधीशांना समजून घ्यावे लागले. आपल्या वर्गातल्या मुलांना ते शाळेच्या इतिहासातून माहीत असते आणि इथे ते एकदम सरसावून बसतात. त्या काळात पोर्तुगीज तिथे जात ते वसुलासाठी, आणि सरंजाम देणाऱ्याच्या मर्जीने. म्हणजे मराठ्यांच्या काळातली ये-जा हक्क ठरत नव्हती.

इंग्रज आल्यावर चित्र पालटले. त्यांनी पाहिले की पोर्तुगीज तिथे राज्यकर्त्यांसारखे वागत आहेत, आणि त्यांनी त्याला आडकाठी केली नाही. पुढे भारतानेही तो मुलूख पोर्तुगीज धरूनच व्यवहार ठेवला. तेव्हापासून तो मुलूख खरोखरच परक्या हद्दीने वेढलेला ठरला आणि रस्त्याचा प्रश्न उभा राहिला. न्यायालयाने म्हणून इंग्रजी काळ आणि त्यानंतरची वर्षे एवढीच धरली. सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळातले वर्तन समोर होते.

यापुढे न्यायालयाने जे केले, त्यासाठीच मी हे पत्र लिहिते आहे. त्याने ‘पोर्तुगीज ये-जा’ असा एक गठ्ठा केला नाही. कोण जाते आणि काय नेते, याप्रमाणे वर्तन सुटे केले. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल एका बाजूला. सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारे आणि दारूगोळा दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येक बाजूबद्दल विचारले की ही माणसे जाताना काय करत होती?

पहिल्या बाजूचे लोक सरळ जात होते. जकात द्यावी लागे, तपासणी होई, कधी मिठाच्या वाहतुकीवर तर कधी दारू किंवा ती गाळण्याच्या सामानावर बंदी येई. पण जाणे हे गृहीत होते. इथे मुले हमखास अडखळतात, म्हणून जरा थांबून सांगते. तपासणी होती, बंदी होती, मग हक्क कसला? तर तपासणी हे त्या वाटेवरचे नियमन आहे. आमच्या आवारातही ‘रात्री अकरानंतर फाटक बंद’ असा नियम होता आणि आम्ही तो पाळत होतो. त्याने दिवसा जाणे मेहेरबानीचे होत नव्हते. न्यायालयाने नेमके तेच धरले: हक्क आहे आणि तो भारताच्या नियमन-नियंत्रणाच्या आत आहे.

दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगणारा कागद डिसेंबर १८९० चा आहे. मुंबई सरकारने पोर्तुगीजांकडे तक्रार केली की तुमच्या नोकरीतले सशस्त्र लोक रीतसर विनंती न करता सुरत जिल्ह्यातल्या पारडी तालुक्यातून दमण ते नगर हवेली असे जातात-येतात, आणि हे १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज तहाच्या अठराव्या कलमाविरुद्ध आहे. आता उत्तर काय यायला हवे होते? हक्क असता तर गोव्याच्या गव्हर्नर जनरलने लिहिले असते की आम्ही कायमच जात आलो, विचारायचे कशाला? पण उत्तर उलटे आले. आमचे सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही, शतकानुशतके हीच पद्धत पाळली जाते, आणि तिच्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांचा मान राखला जातो, अशा अर्थाचे ते उत्तर होते.

पोर्तुगालला रूढीच्या बाजूने वापरता आली असती अशी ‘शतकानुशतके’ हीच गोष्ट त्या पत्रात आहे, आणि तीच त्यांच्या विरुद्ध गेली. कारण शतकानुशतके काय चालले होते? परवानगी मागणे. जुनेपणा होता, सातत्य होते, आणि त्या सातत्यातून सिद्ध झाले ते हक्काचे नसणे.

पुढची कागदपत्रेही हेच सांगतात. हत्यारे न्यायची तर १८७८ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांप्रमाणे खास परवाना लागे. १९४० मध्ये एक समझोता झाला. सशस्त्र पोलिसांची तुकडी दहा जणांपेक्षा मोठी नसेल तर चोवीस तासांत फक्त कळवायचे. त्याहून मोठी असेल तर पूर्वीप्रमाणे आधी सूचना देऊन संमती घ्यायची. दहापर्यंतची ही सवलतसुद्धा समझोत्याने द्यावी लागली. जिथे हक्क असतो तिथे सवलतीचा करार करायची गरज पडत नाही.

१२ एप्रिल १९६० ला निकाल आला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालला १९५४ मध्ये हक्क होता, हे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे यांच्याबाबत हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात असे, एका मताने. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली ती हक्कभंग नव्हे, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. दादरा पडल्यावर आसपास तणाव होता आणि अशा वेळी वाट रोखणे हे नियमनाच्या अधिकारात बसते, असे न्यायालय म्हणाले. भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश म्हणून मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला त्या पीठावर होते आणि त्यांनी भिन्नमत लिहिले. वर्गात मुलांचे आवडते काम म्हणजे ‘आपण जिंकलो की हरलो’ हे ठरवणे. मी त्यांना मतांचे तीन आकडे फळ्यावर लिहून देते आणि वाद घालू देते.

भारताचे एक म्हणणे असे होते की दोनच देशांमध्ये रूढी होऊच शकत नाही. न्यायालयाने ते मानले नाही. दीर्घ वर्तनावर उभी राहणारी स्थानिक रूढी दोनपेक्षा जास्त देशांतच का असावी, हे समजणे कठीण आहे, असे ते म्हणाले. आपली पाठ्यपुस्तके या खटल्यातून एवढेच वाक्य उचलतात. ते महत्त्वाचे आहेच, पण त्या वाक्यासाठी खटला लक्षात ठेवणे म्हणजे लग्नाला जाऊन फक्त पत्रिका घरी आणण्यासारखे आहे.

आता या निकालातला कच्चा दुवा. तो आपण मुलांपासून लपवू नये. सैन्याच्या बाबतीत कागद बोलतात, त्यामुळे हक्क नाही हे ठामपणे म्हणता येते. पण मुलकी ये-जा ही कायदा म्हणून मान्य होती, हे कशावरून? एकाही इंग्रज अधिकाऱ्याने ‘आम्ही यांना जाऊ देण्यास बांधील आहोत’ असे लिहिल्याचा कागद न्यायालयाने पुढे ठेवला नाही. वर्तन अखंड आणि एकसारखे होते, राज्य बदलले तरी टिकले, म्हणून ते कायदा म्हणून मान्य झाले, असा निष्कर्ष वर्तनातूनच काढला. म्हणजे दुसरा घटक पहिल्याच्या पोटातून काढला. मग कोणी विचारेल, हा शेजारधर्म कशावरून नव्हे? शेजारचे काका आम्हाला चालत जाऊ देत होते ते चांगुलपणाने नसेल कशावरून?

या प्रश्नाला पुढे १९६९ मध्ये, उत्तर समुद्राच्या तळाच्या खटल्यात, न्यायालय जास्त कठोरपणे सामोरे गेले. डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांचे म्हणणे होते की समुद्रतळाची वाटणी समान अंतराच्या रेषेने करायची अशी रूढी झाली आहे, म्हणून जर्मनीलाही ती लागू. बऱ्याच देशांनी तशी रेषा आखली होती, हे खरे होते. पण ती आखताना आपण कायद्याने बांधलेलो आहोत असे त्यांना वाटत होते, याचा पुरावा नव्हता. न्यायालयाने तिथे समारंभ आणि राजशिष्टाचाराचे उदाहरण दिले. त्यातल्या अनेक गोष्टी राष्ट्रे जवळजवळ न चुकता करतात, पण सौजन्य, सोय किंवा परंपरा म्हणून करतात, कायदा म्हणून नव्हे. दोन निकाल शेजारी ठेवले की मुलांना दिसते की १९६० चे न्यायालय सातत्यातून मान्यता वाचायला तयार होते आणि १९६९ चे नव्हते.

माझे मत विचाराल तर १९६० चा निष्कर्ष टिकतो, आणि तो दुसऱ्या बाजूमुळे टिकतो. त्याच रस्त्यावर, त्याच दोन सरकारांमध्ये, एका प्रकारच्या प्रवाशासाठी दर वेळी विचारणा होत होती आणि दुसऱ्यासाठी कधीच नाही. सगळाच शेजारधर्म असता तर हा फरक पडायचे कारण काय? आमच्याकडे सासरे टेम्पोसाठी विचारायचे आणि चालण्यासाठी नाही, यातूनच दोन्हीकडची माणसे चालण्याला काय समजत होती ते कळते. नुसत्या चालण्याकडे बघून ते कळले नसते. न्यायालयाने हे असे शब्दांत मांडलेले नाही, ही माझी वाचण्याची पद्धत आहे. पण वर्गात ती उपयोगी पडते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न इथे नोंदवते. तो दिवसा महापे येथे नोकरी करतो आणि रात्री ठाण्याला वर्गाला येतो. तो म्हणाला, “मॅडम, अगदी पहिल्यांदा जो गेला त्याला ‘हा कायदा आहे’ असं कसं वाटणार? तेव्हा तर कायदा नव्हताच.” प्रश्न जुना आहे आणि भल्याभल्यांना त्याने दमवले आहे. मी त्याला म्हटले, पहिल्याला तसे वाटायची गरज नाही. पहिला नुसता जातो, किंवा ‘मला जाऊ द्या’ म्हणतो. समोरचा गप्प राहतो, किंवा अडवतो, किंवा म्हणतो ‘यावेळी जा, पण हा हक्क समजू नका’. हे शेवटचे वाक्य लेखी आले तर रूढीची वाढ तिथेच खुंटते. गप्प राहिला, पुन्हा गप्प राहिला, आणि आक्षेप घ्यायची संधी व कारण असूनही गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याला अर्थ यायला लागतो. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१८ मध्ये या विषयावर सोळा निष्कर्ष मांडले, त्यातही हेच आहे: प्रतिक्रिया देण्याच्या स्थितीत असताना आणि परिस्थितीत तशी अपेक्षा असताना न दिलेली प्रतिक्रिया हा मान्यतेचा पुरावा होऊ शकतो. किती वर्षे लागतात, याचा ठराविक आकडा त्या निष्कर्षांत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘रूढी म्हणजे काय ते सांगून घटक स्पष्ट करा’ हा प्रश्न घालू नका. त्याऐवजी एक काल्पनिक रस्ता किंवा खाडी द्या, दोन देश द्या आणि चार कागद द्या: एक तक्रार, तिला आलेले एक उत्तर, एक परवाना आणि वीस वर्षांची जकातीची नोंदवही. मग विचारा, यातून कोणत्या वापराची रूढी झाली आणि कोणत्या वापराची झाली नाही? उत्तराचे गुण वर्षे मोजण्याला देऊ नका, कागदात कोण कोणाला विचारते आहे हे शोधण्याला द्या. हा प्रश्न मी माझ्या वर्गात दोनदा घातला. पहिल्या वेळी निम्म्या मुलांनी परवान्याचा कागद ‘दीर्घ वापराचा पुरावा’ म्हणून उलट बाजूला मांडला. कुठे शिकवायचे राहिले आहे, ते मला तेवढ्यावरून कळले.

निकालाचा रूढीशी संबंधित भाग मोठा नाही. दोन तासिकांत वाचून होतो, आणि १८९० ची तक्रार व उत्तर निकालातच दिलेली आहेत. मी त्या दोन्हींचा मराठी तर्जुमा करून ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांना देईन, आणि त्यात चूक दिसली तर ती मला कळवावी.

आपली,
ठाण्यातील एक अर्धवेळ व्याख्याती